पॅड नवे, ब्रेक ऑइल जुनं

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाला सर्व्हिसिंगच्या बिलातली एक ओळ हमखास खटकते. इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाही. मग हे ‘ब्रेक ऑइल बदलले’ कशाला? चाकाच्या फटीतून डोकावून पाहिलं तर ब्रेकचे पॅड जवळजवळ नव्यासारखे जाड असतात. चाळीस-पन्नास हजार किलोमीटर झाले तरी गाडीने ब्रेक असे फारसे वापरलेलेच नसतात. मग जे वापरलंच नाही ते बदलायचं कशासाठी, असा प्रश्न पडतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. पॅड किलोमीटरवर झिजतात, ब्रेक ऑइल मात्र कॅलेंडरवर म्हातारं होतं. गाडी धावली काय किंवा सोसायटीच्या आवारात कव्हर घालून उभी राहिली काय, त्याला फारसा फरक पडत नाही.

आधी पॅड का वाचतात ते पाहू. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इलेक्ट्रिक गाडीची मोटर उलटं काम करू लागते. चाकं तिला फिरवतात, ती जनरेटर होते आणि गाडीचा वेग वीज होऊन बॅटरीत परत जातो. चालकांच्या बोलण्यात याला ‘रिजन’ म्हणतात. शहरातल्या रहदारीत गाडी सावकाश करण्याचं बहुतेक काम हे रिजनच उरकतं. पोर्शे कंपनीने आपल्या टायकन या गाडीबद्दल सांगितलं होतं की रोजच्या वापरातलं सुमारे ९० टक्के ब्रेकिंग मोटरच करते. फोक्सवॅगनने तर आयडी.३ आणि आयडी.४ या गाड्यांना मागच्या चाकांवर चक्क जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक दिले. मागचे ब्रेक इतके कमी वापरले जातात की उघड्या डिस्कवर गंज चढत राहील, त्यापेक्षा झाकलेला ड्रम बरा, असा तो हिशेब होता.

पण उरलेलं दहा टक्के काम कोणतं, हेही पाहायला हवं. अचानक समोर कोणी आलं आणि पाय पूर्ण ताकदीने पेडलवर आदळला, तर मोटरच्या आवाक्यात तो धक्का नसतो. चाकं लॉक होऊ लागून एबीएस जागं झालं, तर बहुतेक गाड्या रिजन बाजूला ठेवतात आणि सगळा कारभार पॅड-डिस्ककडे सोपवतात. अगदी कमी वेगात मोटरची पकड ढिली पडते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागा नसते, आणि बॅटरी फार थंड असेल तर ती वीज वेगाने आत घेता येत नाही. म्हणजे रोजचं सोपं काम रिजन करतं आणि जिवावर बेतणारं काम त्याच जुन्या ब्रेकवर पडतं. त्या ब्रेकमध्ये तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचवतं ते ब्रेक ऑइल.

नावात ऑइल असलं तरी आजच्या बहुतेक गाड्यांमधलं हे द्रव्य ग्लायकॉल ईथर या रसायनाच्या जातीचं असतं, आणि पाणी ओढून घेणं हा त्याचा स्वभाव आहे. टाकीच्या झाकणातून हवेची ये-जा होते, चाकाजवळच्या रबरी नळ्यांतून ओलावा अगदी हळू झिरपतो. पाईप फुटायला लागत नाही की झाकण उघडं राहायला लागत नाही. हा दोष असेल तर तो पत्करलेला दोष आहे. पाणी न शोषणारं सिलिकॉनचं ब्रेक ऑइलही मिळतं, त्याला डॉट ५ म्हणतात. पण त्यात शिरलेलं पाणी विरघळत नाही. ते सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे नेमकं चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये जाऊन साचतं. तिथे ते १०० अंशाला उकळतं आणि धातू गंजवतं. त्यापेक्षा पाणी सगळीकडे पसरवून मुरवणारं आणि ठरावीक काळाने बदलता येणारं द्रव्य गाडीवाल्यांना परवडलं.

बाटलीवरच्या ‘डॉट ३’, ‘डॉट ४’, ‘डॉट ५.१’ या खुणा अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या मानकांतून आल्या आहेत. या मानकांत प्रत्येक प्रतीचे दोन उकळबिंदू दिलेले असतात, एक कोरड्या द्रव्याचा आणि एक ओल्याचा. सीलबंद डब्यातलं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं, तर किमान अपेक्षा १५५ अंशांची उरते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ३.७ टक्के म्हणजे लिटरमागे चाळीसेक मिलिलिटर, औषधाच्या छोट्या बाटलीएवढं. तेवढ्याने ७५ अंशांची गच्छंती होते, आणि ही घसरण सुरुवातीच्या एक-दोन टक्क्यांत जास्त जोरात होते. ओलावा किती महिन्यांत किती शिरेल ते हवेवर आणि नळ्यांच्या रबरावर ठरतं. चार महिने भिंतींना बुरशी येते त्या कोकणातली गाडी आणि सोलापूरची गाडी यांचं ऑइल एकाच गतीने म्हातारं होणार नाही, एवढं उघड आहे.

द्रव उकळला तर काय बिघडतं? ब्रेकची सगळी मदार या गोष्टीवर आहे की द्रव दाबला जात नाही. पेडल एक इंच गेलं की चाकाजवळचा पिस्टन ठरलेल्या मापाने सरकतो. वाफ मात्र दाबली जाते. पाय पेडलवर असताना आतला दाब जास्त असतो, त्यामुळे उकळणं काहीसं रोखलं जातं. पाय उचलला की दाब उतरतो आणि तेव्हाच बुडबुडे धरतात. पुढच्या वळणावर पाय पुन्हा टेकतो तेव्हा पेडल खाली बसतं आणि गाडी थांबत नाही. थोड्या वेळाने सगळं गार झालं की वाफ पुन्हा द्रव होते, ब्रेक नीट लागतात आणि गॅरेजमध्ये कुणाला काहीच सापडत नाही.

आता हे एका घाटात मांडून पाहू. शनिवार-रविवार लोणावळ्यात राहिलेलं एक कुटुंब आहे. बंगल्यावर चार्जरची सोय होती, म्हणून रात्रभर लावून सकाळी बॅटरी १०० टक्के भरली. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,८०० किलो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडं वर, खोपोली साठेक मीटरवर. पंधराएक किलोमीटरच्या रस्त्यात गाडी साधारण ५५० मीटर खाली येते. वजन, उंची आणि गुरुत्वाकर्षण यांचा गुणाकार केला तर या उतरणीत सुमारे ९७ लाख ज्यूल, म्हणजे विजेच्या मीटरच्या भाषेत जवळजवळ २.७ युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक टायरच्या आणि हवेच्या विरोधात जिरते. उरते सुमारे १.७ युनिट.

बॅटरीत जागा असती तर ही ऊर्जा मोटरमधून आत गेली असती आणि खोपोलीत पोचताना दहाएक किलोमीटरचा पल्ला फुकट मिळाला असता. पण बॅटरी गच्च भरलेली आहे. ‘रिजन मर्यादित’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी आपोआप सावकाश होईल ही सवय पहिल्याच उतारावर दगा देते. पेट्रोलच्या गाडीत दुसऱ्या गिअरवर टाकून इंजिनाला गाडी धरायला लावता येतं. इथे तीही सोय नाही. ही १.७ युनिट उष्णता आता वीसेक मिनिटांत चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाणार. दोन हजार वॅटचा गीझर पन्नास मिनिटं चालला तर जेवढी उष्णता देईल तेवढी ही आहे, आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो.

भडकपणा नको, म्हणून हेही सांगतो की ऑइल ताजं असेल, चालक थांबून थांबून ब्रेक देत असेल, तर एवढ्याने ब्रेक फेल होत नाहीत. डिस्क हवेने गार होत राहते आणि ऑइलपर्यंत उष्णता पोचायला मध्ये पॅड, पिस्टन असे अडथळे असतात. घात होतो तो तीन-चार गोष्टी जुळून आल्या तर. ऑइल पाच-सहा वर्षांचं असेल, पाय पेडलवर सतत टेकलेला असेल, आणि त्यातच एखादा कॅलिपर अडकून पॅड डिस्कला घासत असेल. ही शेवटची गोष्ट इलेक्ट्रिक गाडीत मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या वापराअभावी जाम होण्याचा धोका या गाड्यांत अधिक असतो. मग सगळे ब्रेक थंड आणि एकच चाक तापलेलं, असा प्रकार होतो.

आणखी एक बारकावा आहे. ऑइलचं तापमान घाट उतरताना नव्हे, तर उतरून थांबल्यावर सगळ्यात वर जाऊ शकतं. खोपोलीत चहाला गाडी थांबली की डिस्कला लागणारा वारा थांबतो आणि लोखंडात साठलेली उष्णता सावकाश कॅलिपरमध्ये, तिथून ऑइलमध्ये उतरते. चहा पिऊन निघाल्यावर पहिलाच ब्रेक मऊ लागला, तर त्याचं कारण हे असू शकतं. तेव्हा पुढे रेटू नये. गाडी बाजूला घेऊन पूर्ण गार होऊ द्यावी आणि मग थेट गॅरेज गाठावं. आणि घाटमाथ्यावरून निघायचं असेल तर बॅटरी आदल्या रात्री ८० टक्क्यांवरच थांबवावी.

हे सगळं पेट्रोलच्या गाडीलाही लागू आहे, असं कोणी म्हणेल. आहेच. फरक असा की पेट्रोलच्या गाडीत ब्रेक ऑइल बिघडत चालल्याच्या काही खुणा रोजच्या रोज मिळतात, इलेक्ट्रिक गाडीत त्या पुसल्या जातात. पेट्रोलच्या गाडीत रोज शंभर वेळा ब्रेक दाबला जातो. पेडल जरा स्पंजसारखं झालं की पायाला कळतं. इलेक्ट्रिक गाडीत हलक्या हाताने दाबलेल्या ब्रेकला बऱ्याचदा मोटरच उत्तर देते, ऑइलवर जोर येतच नाही. त्याच्या पुढची गोष्ट म्हणजे काही नव्या गाड्यांत पेडल आणि चाकाचा ब्रेक नेहमीच्या चालण्यात एकमेकांना थेट जोडलेलेच नसतात. पेडलाखाली एक सिम्युलेटर असतो, तो पायाला ठरलेला विरोध देतो. सेन्सर पाय किती गेला ते मोजतो आणि विजेवर चालणारा पंप चाकाकडे दाब पाठवतो. अशा गाडीत पायाला लागणारा घट्टपणा हा स्प्रिंगचा असतो, ऑइलचा नव्हे. पण वीज गेली किंवा यंत्रणेत बिघाड झाला तर शेवटचा आधार म्हणून पेडल पुन्हा थेट ऑइललाच जोडलं जातं. त्या वेळी ऑइलची खरी अवस्था कळते, आणि ते कळण्याची ती अगदी चुकीची वेळ असते.

टाकीतल्या पातळीचंही तसंच. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकतात, मागे झालेली पोकळी ऑइल भरतं आणि टाकीतली पातळी हळूहळू उतरते. म्हणून पेट्रोलच्या गाडीत मेकॅनिक अधूनमधून झाकण उघडतो. इलेक्ट्रिक गाडीत पॅड झिजतच नाहीत, पातळी वर्षानुवर्षं तिथल्या तिथे राहते, आणि दर वर्षी इंजिन ऑइल बदलायला जायचं नसल्यामुळे बॉनेट उघडायला निमित्तही उरत नाही. यातून एक उपयोगी गोष्ट निघते. पॅड जाड आहेत आणि तरी पातळी उतरली आहे, तर वरून ऑइल ओतून गप्प बसू नये. बहुधा कुठेतरी गळती आहे.

उकळण्यापेक्षा संथ पण जास्त खर्चिक दुखणं गंजाचं. ब्रेक ऑइलमध्ये धातूला गंजू न देणारी द्रव्यं मिसळलेली असतात. काळाबरोबर ती संपतात आणि पाणी मात्र वाढत असतं. कॅलिपरचा पिस्टन खरवडला गेला तर तो बदलता येतो. पण एबीएसच्या ठोकळ्यातले केसाएवढ्या फटींचे व्हॉल्व्ह अडकू लागले, तर तो संपूर्ण ठोकळा बदलावा लागतो. विजेच्या पंपाची ब्रेक यंत्रणा असेल तर खर्चाचा आकडा आणखी मोठा. त्याच्यापुढे लिटरभर ऑइलची किंमत किरकोळ आहे.

मग बदलायचं कधी? बीएमडब्ल्यू आणि पोर्शे आपल्या इलेक्ट्रिक गाड्यांनाही दोन वर्षांचीच मुदत देतात. ९० टक्के ब्रेकिंग मोटर करते असं सांगणारी कंपनीसुद्धा ऑइलची मुदत वाढवत नाही, यावरून या दोन गोष्टींचा संबंध किती कमी आहे ते कळावं. टेस्ला वेगळं सांगते: दर चार वर्षांनी ब्रेक ऑइल तपासा, गरज असेल तर बदला. इंटरनेटवर यातली ‘चार वर्षं’ तेवढी फिरते. त्याच पुस्तिकेत पुढे असंही म्हटलं आहे की ओढणी, डोंगरउतार किंवा जोरकस चालवणं यामुळे ब्रेकवर भार पडत असेल, विशेषतः उष्ण आणि दमट हवेत, तर तपासणी आणि बदल याहून लवकर लागू शकतात. उष्ण, दमट आणि डोंगरउतार हे तिन्ही शब्द मुंबई-कोकणातल्या माणसाने स्वतःसाठी लिहिलेले समजावेत. माझं मत सरळ आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जी मुदत असेल ती पाळा. किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे असतील तर जो आधी भरेल तो धरा. कमी धावणाऱ्या गाडीत बहुतेक वेळा महिनेच आधी भरतात. पुस्तिकेत नुसतं ‘तपासा’ म्हटलं असेल आणि तुम्ही किनारपट्टीवर राहत असाल किंवा घाटातून नेहमी जात असाल, तर दोन वर्षांनी बदलून मोकळं व्हा.

तपासणीबद्दलही थोडं सावध असावं. ऑइल काळपट दिसलं म्हणजे वाईट आणि पिवळसर स्वच्छ दिसलं म्हणजे चांगलं, असं नसतं. मुरलेलं पाणी दिसत नाही. काही गॅरेजांत पेनासारखं दिवे असलेलं यंत्र टाकीत बुडवून हिरवा-लाल दाखवतात. ते द्रव्यातून वीज किती वाहते त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतं, आणि प्रत्येक कंपनीच्या ऑइलमधली द्रव्यं वेगळी असल्याने तो अंदाज चुकू शकतो. थोडं ऑइल प्रत्यक्ष तापवून उकळबिंदू सांगणारं यंत्र त्याहून भरवशाचं. पण दोन्ही यंत्रं टाकीतलं ऑइल तपासतात, आणि ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं फिरत नसतं. कॅलिपरमध्ये भरलेलं द्रव्य तिथेच वर्षानुवर्षं बसून राहतं. उष्णताही तिथेच पोचते.

हीच गोष्ट बदलतानाही लक्षात ठेवायची. टाकीतलं जुनं ऑइल पिचकारीने ओढून नवं भरलं की वरून सगळं लख्ख दिसतं, पण कॅलिपरमधलं जुनंच राहतं. हे काम नव्हे, हा देखावा आहे. खऱ्या कामात चारही चाकांचे निपल उघडतात, त्यांना पारदर्शक नळी लावतात आणि ताजं ऑइल येईपर्यंत जुनं बाटलीत काढतात. टाकी मधेच रिकामी होऊन हवा आत शिरणार नाही, इकडे सतत लक्ष ठेवावं लागतं. कोणतं चाक आधी घ्यायचं तो क्रम प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत स्कॅनर जोडून ब्रेकची यंत्रणा सर्व्हिस मोडमध्ये घ्यावी लागते, नाहीतर नुसतं दार उघडल्यावर पंप आपणहून जागा होऊन दाब सोडू शकतो. त्यामुळे घरी पान्हा घेऊन करण्याचं हे काम राहिलेलं नाही. सांडलेलं ऑइल रंग खातं. बॉडीवर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावा.

गॅरेजमध्ये तीन गोष्टी मागा. ऑइलचा सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, कारण अर्धवट वापरून ठेवलेल्या डब्यातल्या ऑइलनेही हवेतलं पाणी प्यायलेलं असतं. डब्यावरची प्रत टाकीच्या झाकणावरच्या प्रतीशी जुळते का पाहा. आणि काढलेलं जुनं ऑइल बाटलीत दाखवायला सांगा. ते अर्ध्या लिटरपेक्षा बरंच कमी असेल, तर चारही चाकं झाली का असं विचारा.

टाटाची नेक्सॉन ईव्ही २०२० च्या जानेवारीत बाजारात आली. त्या सुमाराच्या इलेक्ट्रिक गाड्या आता जुन्या बाजारात दिसू लागल्या आहेत. घेणारा बॅटरीची तब्येत तपासतो, टायर बघतो, पॅड जाड आहेत म्हणून खूशही होतो. त्याने सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ती तारीखही शोधावी. ती सापडली नाही, तर गाडी नावावर झाल्यावर पहिलं काम ते करून घ्यावं.